लग्नाची हेअरस्टाइल ट्रायल: डोक्यावर ओढणी, जड दागिने आणि सोळा तास. नक्की काय ठरवून यायचं?

सायली_कोल्हापूर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरात माझं लग्न आहे, कोल्हापूरलाच. येत्या रविवारी हेअरस्टाइलची ट्रायल आहे. पार्लरवाल्या ताईंनी फक्त "आवडलेले फोटो घेऊन ये" एवढंच सांगितलंय. फोटो माझ्याकडे चाळीस आहेत, पण त्या फोटोंतल्या मुली पाच मिनिटं उभ्या राहून घरी गेल्या असणार. माझा दिवस असा: पहाटे ६ला मेकअपला बसायचं, १०ला गौरीहर, मुहूर्त दुपारी १२:३५चा, मग विधी, जेवण, आणि संध्याकाळी ७ ते १० रिसेप्शन.

लग्नाला शालू आणि डोक्यावर लाल ओढणी, चारी बाजूंनी जरीची जाड किनार. दागिन्यांत कोल्हापुरी साज, ठुशी, राणीहार, कानवेल लावलेले झुमके, नथ, कपाळावर बिंदी आणि अर्थात मुंडावळ्या. केस कमरेच्या जरा वर, सरळ आणि गुळगुळीत, साधी क्लिपही टिकत नाही. अंबाडा घालायचा एवढं पक्कं.

ताईंकडून काय काय ठरवून घेऊ? "छान दिसतंय" म्हणून उठून येण्याची मला भीती वाटतेय.

बंड्या_सातारकर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:५८

शीर्षकात ट्रायल वाचून लगबगीने आलो, म्हटलं कोर्टात काही झालं की काय. असो. केस टिकत नाहीत म्हणताय तर कांद्याचा रस लावून बघा, माझ्या मेहुणीला दोन महिन्यांत फरक पडला.

सायली_कोल्हापूर | ३ नोव्हेंबर, रात्री १०:०२

दादा, केस गळत नाहीत, क्लिप गळतात :)

अनघा_डोंबिवली | ३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

माझं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं, अगदी तुझ्यासारखेच सरळ केस. माझ्या अनुभवाचं सांगते. एक, लग्नाआधी तीन दिवस केस धुऊ नकोस, धुतलेले केस सुळसुळीत होतात आणि काही टिकत नाही. दोन, आकडे भरपूर लावून घे, कंजूषी करू देऊ नकोस, मला साठेक लावले होते. तीन, वरून स्प्रे ठासून. ओढणी सरळ सेफ्टी पिनने अंबाड्यालाच अडकवायची म्हणजे हलत नाही. माझी संध्याकाळपर्यंत जागची हलली नव्हती. डोकं मात्र इतकं ठणकत होतं की रिसेप्शनच्या सगळ्या फोटोंत माझ्या कपाळाला आठ्या आहेत, पण ते चालायचंच.

शुभदा_सांगली | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ते चालायचं नाही, अनघा. तेवढ्यासाठीच तर ट्रायल असते.

सायली, मी सांगलीत सव्वीस वर्षं नवऱ्यांचे केस करते (नवऱ्या म्हणजे नवरी मुली, बंड्यादादा). ट्रायलला मुली आरशात बघतात आणि मी त्यांच्या खांद्याकडे बघते. अंबाडा कसा दिसतो हे दहा मिनिटांत कळतं. पण डोक्यावरची प्रत्येक वस्तू केसांना कुठून ओढते आणि ती ओढ कशाने तोलायची हे ठरवायला तास-दीड तास लागतो. पार्लरमध्ये सहसा हेच राहून जातं, कारण ट्रायलला मुलगी कुर्ता घालून, कानात बारीक टॉप्स घालून येते.

तर पहिलं, जे घालणार तेच घेऊन जा. ओढणी तीच, दुसरी "तशीच" नको. घरी किचनच्या वजनकाट्यावर घडी करून ठेवून बघ. जरीच्या किनारीची ओढणी बघताना हलकी वाटते, काट्यावर कळते. आणि ट्रायलला जाताना पुढून बटणं असलेला शर्ट घाल, नाहीतर घरी येऊन डोक्यावरून कुर्ता काढताना सगळं विस्कटेल आणि खरी परीक्षा तिथेच संपेल.

दुसरं, आकड्यांचं. अनघाचं अर्धं बरोबर आहे. ताजे धुतलेले, कंडिशनर लावलेले केस खरंच सुटतात. पण आकडे जास्त लावून ओढणी टिकत नाही. आकडा कशात शिरतो हे महत्त्वाचं. सुट्या सरळ केसांत साठ आकडे घातले तरी ते वजनासोबत साठच्या साठ खाली घसरतात, आणि घसरताना टाळूला खेचतात. डोकं ठणकतं ते त्यामुळे.

आम्ही आधी खुंटी करतो. टाळूच्या जरा मागे, जिथे ओढणीची किनार बसणार तिथले रुपयाच्या नाण्याएवढे केस वेगळे घ्यायचे, मुळाशी थोडं बॅककोंबिंग करायचं, बारीक रबर लावायचं आणि ती बट पिळून चपटी गुंडाळी करून दोन बॉब पिना फुलीसारख्या एकमेकींत अडकवायच्या. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे, सपाट बाजू वर. उलटी लावली की पकडच नाही, आणि निम्म्या जणी उलटीच लावतात. या खुंटीवरून वरचे केस विंचरून घेतले की ती दिसत नाही. ओढणी या खुंटीला लावायची, अंबाड्याला नाही. अंबाडा हे मागे लोंबणारं ओझंच आहे, त्यावर आणखी ओझं टांगलं की दोन्ही मिळून मानेकडे खाली येतात. अनघा, तुझी ओढणी जागची हलली नाही कारण ती साठ आकडे तुझ्या टाळूवर तोलत होते.

तुला अशा तीन खुंट्या लागतील. एक ओढणीला, आणि दोन कानांच्या मागे, वरच्या केसांखाली. कानवेलाचा आकडा त्या दोन खुंट्यांत. कानवेल हा नुसता शोभेचा नसतो, झुमक्याचं वजन कानाच्या भोकावरून उचलून केसांवर घेण्यासाठी असतो. गुळगुळीत मागे ओढलेल्या केसांत त्याचा आकडा तासाभरात निसटतो आणि मग सगळा झुमका कानाच्या पाळीवर येतो. शिवाय कानवेलाची लांबी ठरलेली असते. कानवेल ताणून बसला तर मान वळवली की कान ओढला जातो, ढिला राहिला तर वजन पाळीवरच राहतं. म्हणून खुंटी कुठे करायची ते झुमका कानात घालूनच ठरतं, आधी नाही.

तिसरं, ओढणीचा भार खांद्यांवर. डोक्यावर फक्त किनारीचा भाग ठेवायचा, बाकी ओढणी दोन्ही खांद्यांवर ब्लाउजला पिन करायची. पण इथेच चूक होते. सरळ उभं राहून पिन केली की छान बसते. मग पाया पडायला वाकतेस, मान पुढे जाते, टाळू ते खांदा हे मागचं अंतर वाढतं, आणि ओढणी मागे खेचते. म्हणून हनुवटी छातीला लावून बसायचं, तशा अवस्थेत खांद्याच्या पिना लावायच्या. उभी राहिलीस की मानेमागे चार बोटं ढील दिसली पाहिजे. ट्रायलला खरोखर जमिनीला डोकं टेकवून नमस्कार कर. पार्लरमध्ये लाज वाटेल, वाटू दे.

बाकीचं दुपारी लिहिते, गिऱ्हाईक आलंय.

रानजाई | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

मूळ प्रश्नच बाजूला ठेवून सगळे पिनांवर बोलताहेत. डोकं झाकायचंच कशाला? आमच्याकडे शालूचा पदर खांद्यावर, बास. उत्तरेकडची ओढणी आपल्या लग्नात कधी शिरली कुणास ठाऊक.

सायली_कोल्हापूर | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:४४

आमच्या घरात डोक्यावर पदर घेतात, आजीलाही तसंच हवंय. शालूचा पदर सारखा सारखा सावरण्यापेक्षा ओढणी बरी असं मीच ठरवलंय. या विषयावर वेगळा धागा काढ, मी येऊन भांडेन.

शुभदाताई, खूप आभार. आत्ता वजन केलं: ओढणी ९४० ग्रॅम! मला वाटलं होतं तीनशे. अजून तीन शंका. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, आई ट्रायलसाठी काढू देणार नाही. मी लग्नाआधी स्मूदनिंग करायचं ठरवलं होतं, ट्रायलच्या आधी करू की नंतर? आणि बिंदी आणि मुंडावळ्या दोन्ही एकाच जागी येतात, त्यांचं कसं?

शुभदा_सांगली | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

लॉकरमधले दागिने काढू नकोस, आई बरोबर आहे. कोल्हापुरात राहतेस, गुजरीत ठुशी आणि साज एक ग्रॅम सोन्याचे मिळतील, किंवा भाड्याने आण. लांबी आणि मागची दोरी सारखी असली म्हणजे झालं. झुमके मात्र खरे ने, तेवढे दोनच.

ती दोरी का महत्त्वाची ते सांगते. ठुशी, साज, राणीहार, तिघांच्या दोऱ्या मानेवर एकाच ठिकाणी येतात, गोंड्यांसकट. अंबाडा खाली बांधला तर तो त्या गाठींवर बसतो. मान मागे केली की गाठ टोचते, आणि राणीहाराच्या वजनाने दोरी खाली सरकली की अंबाड्याचे खालचे केस सोबत घेऊन जाते. अंबाड्याची खालची कड आणि वरची दोरी यांत दोन बोटं तरी मोकळी हवीत. ट्रायलला तिन्ही घालून मानेमागचा फोटो काढून घे.

स्मूदनिंग करायचं असेल तर ट्रायलच्या आधी कर, नाहीतर लग्न होईपर्यंत विसर. स्मूदनिंग झालेले केस म्हणजे वेगळेच केस. आज ज्या खुंटीला पकड आहे ती त्यानंतर राहणार नाही, आणि लग्नाच्या सकाळी ते कळून काय उपयोग? माझं मत विचारशील तर तुझे केस आधीच सरळ आहेत, करूच नकोस.

बिंदी आणि मुंडावळ्या यांत मी तरी एकीलाच कपाळाच्या मध्यावर जागा देते. मुंडावळ्या विधी संपेपर्यंत राहणार, म्हणून त्यांच्या दोऱ्याची वाट आधी ठरवायची: कपाळावरून, कानांच्या वरून, मागे अंबाड्याच्या वर गाठ. ओढणीच्या खालून, वरून नाही. वरून बांधल्या की ओढणी उतरवता येत नाही. पण मुंडावळ्या बहुतेक घरांत आई नाहीतर मावशी बांधते, आणि ती तुझी ओढणी लावून झाल्यावर येते! तेव्हा कोण बांधणार, किती वाजता, हे ताईंना सांग आणि त्या बाईलाही सांग. बिंदी बारीक घे, मुंडावळ्यांच्या दोऱ्याच्या वर भांगात बसेल अशी. रुंद पट्टीची बिंदी रिसेप्शनला घाल.

आता माझा प्रश्न. तुझी हळद कधी आहे?

सायली_कोल्हापूर | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

आदल्या दिवशी संध्याकाळी. का?

शुभदा_सांगली | ४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

म्हणजे वाचलीस. हळदीत तेल असतं, ते भांगात उतरतंच. त्यामुळे अनघाचं "तीन दिवस धुऊ नको" आपल्याकडे चालत नाही, हळदीनंतर न्हायचंच. रात्री शांपूने दोनदा धू, कंडिशनर फक्त शेवटच्या टोकांना, आणि रात्रीच पूर्ण वाळव. ज्यांची हळद लग्नाच्या सकाळी असते त्यांचे केस सहा-सातला ओले असतात, मुळाशी दमट राहतात, तिथे काहीच धरत नाही. तशा मुलींची मी वेळच बदलून घेते. ट्रायलच्या आदल्या रात्रीही असेच केस धू म्हणजे ट्रायलला केस जसे असतील तसेच लग्नाच्या दिवशी असतील.

वसईकरीण | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आमच्यात चर्चमध्ये लग्न आणि डोक्यावर नेटचा व्हेल. माझ्या बहिणीचा व्हेल वजनाला काहीच नव्हता, तळहातावर मावेल असा, पण लांब, मागे जमिनीवर येणारा. आम्ही निर्धास्त. चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत जाताना मागून तो चटईला घासत होता आणि कंगवा मागे मागे. वेदीशी पोहोचेपर्यंत डोकं मागे झुकलेलं. फादरनी विचारलं, मान दुखतेय का.

म्हणजे शुभदाताई म्हणतात ते खरं, वजन वेगळं आणि ओढ वेगळी. ट्रायल पार्लरच्या टाइल्सवर केली होती, तिथे व्हेल सरकतो. माझ्या वेळी आम्ही घरात सतरंजी पसरून चालून बघितलं. आणि कंगवा आत खोचताना दात आधी कपाळाकडे तोंड करून घातले आणि मग मागे उलटवले, त्याने केस पकडून धरतो. आधी तसाच सरळ खोचला होता, तो सुटायचा. रिसेप्शनला व्हेल काढायचा होता म्हणून कंगवा अंबाड्याच्या वर लावला, अंबाड्यात नाही. एक हात लावून निघाला.

नवरदेव_निवृत्त | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

बायकांच्या धाग्यात तोंड घालतोय, पण गुन्हेगार म्हणून साक्ष द्यायचा हक्क आहे. गेल्या मे महिन्यात माझं लग्न झालं. गुरुजींनी माझ्या उपरण्याची गाठ हिच्या ओढणीला मारली. तीच ओढणी डोक्यावर. होमाभोवती मी पुढे, ही मागे. मी आपला नेहमीच्या चालीने निघालो. दुसऱ्या फेरीला मागून "अहो!" असा आवाज आला, लग्नातला तिचा माझ्याशी पहिला संवाद. ओढणी मागे, बिंदी कानावर, आणि एक आकडा थेट होमापाशी पडलेला. व्हिडिओत सगळं आहे.

गाठ कशाला मारणार हे आधी ठरवा एवढीच विनंती.

सायली_कोल्हापूर | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२१

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!! हसून हसून मेले आणि मग घाबरले.

शुभदा_सांगली | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

नवरदेव, माझ्या सव्वीस वर्षांत ही तक्रार नवऱ्याकडून पहिल्यांदा ऐकली. उपाय सोपा आहे. गाठीसाठी वेगळा शेला खांद्यावरून कमरेपाशी खोचलेला ठेवायचा, किंवा गाठ शालूच्या पदराला. डोक्यावरच्या ओढणीला गाठ नाहीच. गुरुजींना हे मुलीच्या मावशीने आधी सांगावं, ऐन वेळी ते हाताला लागेल ते कापड घेतात, त्यांचाही दोष नाही.

आणखी एक, गळ्यात काय काय डोक्यावरून जाणार आहे ते मोज. वरमाला ओढणीवरून जाताना बिंदीत आणि मुंडावळ्यांत अडकते, म्हणून हाराचा घेर मोठा सांगायचा. मंगळसूत्राला मागे हूक आहे की ते अखंड ओवून घालायचं? अखंड असेल तर ते अंबाडा, गजरे, ओढणी यांच्यावरून उतरतं का हे ट्रायलला दोऱ्याचा तेवढाच वेटोळा करून बघ. होमाआधी दहा मिनिटांत कुणालाही स्प्रे मारू देऊ नको, तो पेट घेणारा असतो. आणि अक्षता स्प्रेला चिकटतात, तेव्हा ठासून वगैरे नको, हलका हात.

केशकला_ठाणे | ५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मीही याच कामात आहे, आठ वर्षं. शुभदाताईंशी जवळजवळ सहमत, पण अंबाडा वर घ्यायला माझा विरोध आहे. वरचा अंबाडा घेतला की ओढणी मागे तंबूसारखी उभी राहते, बाजूने फोटो वाईट येतो, आणि मानेवरचं संतुलन बिघडतं, सगळं ओझं डोक्याच्या मागच्या टोकावर. मी खालीच बांधते आणि दागिन्यांच्या दोऱ्या अंबाड्याखालून न घेता ब्लाउजच्या गळ्याला आतून टाचून टाकते. दोरी सरकतच नाही.

दुसरं, संध्याकाळचा विचार आत्ताच करा. सकाळी भरपूर बॅककोंबिंग आणि स्प्रे, आणि रिसेप्शनला मोकळे कुरळे केस, हे फोटोत एकाच मुलीचे दिसतात, पण मध्ये केस धुवायला वेळ लागतो तो कुणी सांगत नाही. जेवणानंतर तुमच्याकडे दीड तास असेल तर संध्याकाळची रचना सकाळच्याच पायावर बेतावी लागते. पुढचं तसंच, फक्त अंबाडा सोडून त्या केसांची सैल वेणी, असं काही.

शुभदा_सांगली | ५ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

टाचलेली दोरी ब्लाउज ओढते, मग ब्लाउजची मागची बाजू खाली येते. हलक्या साजाला ठीक, राणीहाराला मी नाही करणार. संध्याकाळचं मात्र लाखातलं बोललीस.

केशकला_ठाणे | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१५

ब्लाउजला आतून जाड पट्टी असेल तर नाही ओढत. असो, ज्याचा त्याचा हात.

सायली_कोल्हापूर | ९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

ट्रायल झाली. सविस्तर लिहिते, कारण घरी कुणी ऐकून घेत नाहीये.

सकाळी ११ला बसले, १२:४०ला उठले. ओढणी, झुमके, भाड्याचा साज, ठुशी, राणीहार सगळं नेलं होतं. पार्लरवाल्या ताई आधी जरा वैतागल्या, मग त्यांनाच मजा वाटू लागली. खुंटी त्यांनी केली, पण एकच, टाळूवर. कानामागच्या दोन करायला तयार नव्हत्या, "लपत नाहीत" म्हणाल्या. कानवेल साध्या पिनेत अडकवले. अंबाडा मधोमध, ना वर ना खाली. आकडे एकूण २८, मी मोजून घेतले. आदल्या दिवशीचा सुकलेला गजराही नेला होता, तो लावला.

मग तशीच घरी आले आणि रात्री ८पर्यंत काही काढलं नाही. भाकऱ्या केल्या ओढणी घेऊन. भाऊ म्हणाला, घरात देवी आलीय.

पहिले दोन तास मस्त. २:४५ला उजव्या कानामागे एकाच बिंदूवर टोचायला लागलं. साडेतीनला डावा कानवेल सुटला, झुमका ओघळला. बिंदी चारपर्यंत डावीकडे सरकली, एक बोटभर. ओढणी पाया पडले तेव्हा हलली नाही (चार बोटं ढील ठेवली होती!), पण सहाच्या सुमारास पूर्ण किनार मागे गेली, साधारण दोन बोटं. आणि डोक्याच्या मागच्या बाजूला सगळीकडे जडपणा, टोचणं नाही, ओढल्यासारखं. अंबाडा शेवटपर्यंत दगडासारखा.

नापास झाले का?

शुभदा_सांगली | १० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

शंभरपैकी सत्तर. आणि भाकऱ्यांसाठी वेगळे पाच.

एका बिंदूवर टोचतं तो आकड्याचा दोष असतो. एखाद्या पिनेचं टोक टाळूला लागलंय किंवा तिचं प्लास्टिकचं बोंड निघालंय. ती एक पीन बदलली की संपलं, ताईंना नेमकी जागा दाखव. सगळीकडे ओढल्यासारखं वाटतं तो बांधणीचा दोष. त्यांनी अंबाड्यासाठी पोनी घट्ट घातली असणार. दगडासारखा अंबाडा हे कौतुक नव्हे. पोनीचं रबर घातल्यावर मुळाशी केस बोटाने किंचित सैल करून घ्यायचे. अंबाड्यात आतून स्टफिंग कुठलं घातलंय? जाळीचं हलकं असेल तर ठीक, गंगावन गुंडाळून आत भरलं असेल तर त्याचंच वजन आहे.

किनार सहा तासांनी दोन बोटं मागे येणं म्हणजे खुंटी बरोबर जागी आहे पण एकच आहे. एका खुंटीवर ओढणी झोपाळ्यासारखी दोन्ही बाजूंना हलते. कानामागच्या दोन केल्या असत्या तर किनारीची टोकंही तिथे धरली असती आणि कानवेलही. एका कामात दोन. लपत नाहीत हे खरं नाही, वरच्या केसांचा थर अर्धा इंच जास्त सोडायचा. बिंदी सरकली कारण भांगातला तिचा आकडा एकटा असतो. भांगाच्या दोन्ही बाजूंच्या चार-चार केसांना आडवी पीन घाल आणि आकडा त्या पिनेत अडकव.

आणि ओढणीच्या आत, जिथे खुंटीला लागते तिथे, कापडी फितीचा छोटा फासा शिवून घे. तिन्ही ठिकाणी. पीन जरीतून न जाता फाशातून जाईल, कापड फाटणार नाही, आणि जेवायच्या आधी ओढणी उतरवायला तीन पिना पुरतील. दुसऱ्या बैठकीचे पैसे घेतील, दे. आणि विचारून ठेव, लग्नाच्या दिवशी त्या स्वतः येणार की मदतनीस मुलगी. मदतनीस येणार असेल तर तिलाच दुसऱ्या वेळी समोर उभं कर.

अनघा_डोंबिवली | १० नोव्हेंबर, सकाळी १०:१२

माझे साठ आकडे आणि कपाळाच्या आठ्या आता मला नव्याने दिसायला लागल्या आहेत. नवरा म्हणत होता तू त्या दिवशी त्याच्यावर चिडली होतीस.

वसईकरीण | १० नोव्हेंबर, सकाळी १०:४०

फासा फितीचा लाव पण रंग ओढणीच्या आतल्या अस्तराचा घे. बहिणीचा पांढरा धागा फोटोत चमकला होता.

सायली_कोल्हापूर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दुसरी बैठक आज झाली. मदतनीस मुलीने केली, ताई शेजारी बसून होत्या, कारण त्या दिवशी ताईंचं दुसऱ्या गावात काम आहे (पहिल्या वेळी सांगितलंच नव्हतं!). तीन खुंट्या, तीन फासे, आकडे २२वर आले. अंबाड्यात आधी खरंच गंगावन भरलं होतं, ते काढून जाळी घातली. दुपारी २ ते रात्री ९ ठेवलं. टोचणं नाही. किनार हलली, पण बोटभरही नाही. कानवेल दोन्ही जागेवर. डोकं संध्याकाळी सातनंतर जरा जड झालं, तेवढं मी मान्य केलंय, आणि ओढणी जेवणाच्या आधी उतरवायचं घरात जाहीर करून टाकलंय. आजी अजून तयार नाही.

गजऱ्याचं राहिलंच. फुलवाला म्हणतो डिसेंबरात मोगरा महाग आणि बारीक येईल. ओला गजरा सुक्यापेक्षा जड लागतो, तेव्हा ताजा आणून पुन्हा एकदा बघावं लागणार. शेला वेगळा घेतला, मावशीला गुरुजींवर लक्ष ठेवायला सांगितलंय.

मंगळसूत्राचं मात्र अडलंय. सासूबाईंना फोन केला. त्यांच्याकडे मागे हूक नसतो, अखंड पोत ओवलेली असते आणि तशीच घालतात. दोऱ्याचा तेवढा वेटोळा करून बघितला, अंबाड्यावरून उतरतो, गजरे असतील तर नाही. गजरे मंगळसूत्रानंतर माळायचे की सोनाराकडून आधीच हूक लावून घ्यायचा, यावर दोन्ही घरांत मतं चार आहेत.

नवरदेव_निवृत्त | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३१

हूक लावून घ्या. घालणाऱ्याचे हात त्या वेळी थरथरत असतात.

शुभदा_सांगली | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

हूक मागे असेल तर तोही अंबाड्याखाली, त्या तीन दोऱ्यांच्या गर्दीत येणार, आणि थरथरत्या हातांना तो सापडणार नाही. हूक बाजूला, खांद्याजवळ येईल असा लावता येतो का ते सोनाराला विचार.